अण्णांचे सात कागद: एका हस्तलिखित मनोगताच्या संपादनाचा प्रकरण अभ्यास

नेवासे तालुक्यातील आमच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. 2023 साली त्याला 50 वर्षे पूर्ण झाली, तेव्हा काल्याच्या कीर्तनाआधी माझ्या थोरल्या चुलत्यांनी म्हणजे अण्णांनी बारा मिनिटे मनोगत व्यक्त करावे असे सप्ताह कमिटीने ठरवले. पहिल्या सप्ताहात वीणेचा पहारा दिलेल्या माणसांपैकी तेवढेच उरले आहेत. अण्णांचे वय त्या वेळी 82 होते. त्यांनी फुलस्केप कागदाची सात पाने निळ्या शाईने भरून काढली आणि मी पुण्यात मुद्रितशोधनाचे काम करतो म्हणून ती माझ्याकडे पाठवली. सोबत एका ओळीचा निरोप होता: "शुद्धलेखन बघ, बाकी काही बदलू नको." हा निरोप अक्षरशः पाळता येणार नव्हता आणि तो मोडताही येणार नव्हता. पुढचे सगळे काम या दोन टोकांमध्ये कसे झाले, त्याची ही नोंद आहे.

सर्वांत आधी मी सातही पाने जशीच्या तशी टंकलिखित केली. टंकताना एकही चूक दुरुस्त करायची नाही हा नियम मला धंद्याने शिकवला आहे, कारण टंकणारा हात डोळ्याच्या आधी दुरुस्ती करतो आणि मग मूळ लेखकाने काय लिहिले होते आणि आपण काय घातले हे दोन दिवसांनी आपल्यालाही सांगता येत नाही. मजकूर सुमारे 1,430 शब्दांचा भरला. त्यानंतर मी अण्णांना फोन करून एक पान वाचून दाखवायला सांगितले आणि ते ध्वनिमुद्रित केले. 205 शब्दांच्या पानाला त्यांना अडीच मिनिटे लागली, म्हणजे मिनिटाला साधारण 82 शब्द. या वेगाने पूर्ण मजकूर साडेसतरा मिनिटे चालला असता. बारा मिनिटांत 980 शब्द बसतात, पण मधल्या जयघोषाला आणि पाण्याच्या घोटाला जागा हवी, म्हणून मी 900 शब्दांची मर्यादा धरली. बाकी काही बदलू नको या आज्ञेतून एक तृतीयांशाहून अधिक मजकूर इथेच बाहेर पडला. अण्णांनी ती गोष्ट तक्रार न करता मान्य केली, कारण काल्याच्या कीर्तनकाराला उशीर होऊ देणे त्यांच्या लेखी शुद्धलेखनाच्या चुकीहून फार मोठा गुन्हा होता.

काय गाळायचे हे ठरवणे तुलनेने सोपे गेले. अकरा जणांची नावे घेऊन केलेले आभार सूत्रसंचालक करणारच होता, आणि मंडपाच्या खर्चाचा हिशेब स्मरणिकेत वेगळा छापला जाणार होता. हे दोन्ही काढल्यावर मर्यादा जवळजवळ गाठली गेली.

खरा प्रश्न शुद्धलेखनाचाच निघाला, पण त्यांनी समजला होता तसा नाही. अण्णांच्या लेखनात "नाहीं", "कांहीं", "घरांत", "केलें", "तेव्हां" अशी रूपे पानोपानी होती. माझ्या लहान चुलतभावाने ती पाहून "किती चुका आहेत" असे म्हटले, पण त्या चुका नव्हेत. अण्णा 1955 साली सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झाले. न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकणारे मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 साली आले आणि 1972 साली त्यांत भर पडली. म्हणजे अण्णा शाळेत शिकलेले लेखन अगदी बिनचूक लिहीत होते. नियम बदलले तेव्हा ते शेतीत होते आणि त्यांना कोणी कळवले नव्हते. शिवाय हे अनुस्वार ऐकू येत नाहीत. व्यासपीठावरून "नाहीं" वाचले काय आणि "नाही" वाचले काय, मंडपातल्या माणसाला एकच शब्द ऐकू जातो. म्हणून मी एका मजकुराच्या दोन प्रती करायचे ठरवले: अण्णांनी हातात धरायची वाचन-प्रत आणि स्मरणिकेत छापायची प्रत. शुद्धलेखनाचा सगळा भार दुसरीवर टाकला. पहिलीत फक्त कानाला खटकणाऱ्या गोष्टींचा विचार केला.

कानाला खटकणाऱ्या गोष्टी मोजक्या होत्या, पण त्या महत्त्वाच्या जागी होत्या. एका वाक्यात गावातल्या बायांनी सकाळपासून भाकरी भाजल्या असे सांगायचे होते. त्यात ज्यांच्या घरी चूल पेटत होती त्यांनी आपल्या चुलीवर आणि ज्यांच्या घरी नव्हती त्यांनी शेजारणीच्या चुलीवर, असा चांगला तपशील मध्ये आला होता. मात्र तो इतका लांबला की शेवटी क्रियापद येईपर्यंत "भाकरी" हा शब्द मागे पडला आणि "भाजले" असे लिहिले गेले. अशी चूक अज्ञानाची नसते, अंतराची असते. कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये जितके शब्द येतात तितकी ती संभवते. नुसते "भाजल्या" केले असते तर व्याकरण सुधारले असते, पण वाचताना अण्णा पुन्हा तिथेच अडखळले असते. म्हणून "सकाळपासून भाकरी भाजल्या" हे आधी घेतले आणि चुलींचा तपशील पाठोपाठ दुसऱ्या वाक्यात ठेवला. शब्द सगळे त्यांचेच राहिले, फक्त जागा बदलली.

याच्या उलट, ज्या गोष्टी चुकीसारख्या दिसत होत्या पण मी ज्यांना हात लावला नाही, त्यांत "वीणा घेतला" हे पहिले. कोशात वीणा स्त्रीलिंगी आहे. आमच्या गावात पहाऱ्याला उभा राहणारा प्रत्येक जण "वीणा घेतला", "वीणा खाली ठेवायचा नाही" असेच म्हणतो. मंडपात अण्णांनी "वीणा घेतली" म्हटले असते तर समोर बसलेल्या विणेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले असते. "सप्ता", "खायाला", "भाकर" हेही तसेच राहिले. देवाच्या बाबतीतली गोष्ट अधिक नाजूक होती. अण्णांनी "विठ्ठल उभा आहे" असे लिहिले होते आणि चुलतभावाने आदर म्हणून त्याचे "विठ्ठल उभे आहेत" केले होते. ते मी परत फिरवले. मराठीत देवाला एकेरीच हाक मारतात आणि आईलाही; "वडील म्हणाले" आणि "आई म्हणाली" ही दोन वाक्ये शेजारी शेजारी आली तरी कोणाला खटकत नाही. आदरार्थी बहुवचन सरसकट लावले की भक्ताची भाषा निमंत्रणपत्रिकेची होते.

सर्वांत जास्त वेळ एका वाक्याने घेतला. ते 54 शब्दांचे होते, त्यात "आणि" सात वेळा होता आणि सबंध मनोगताचा गाभा त्यातच होता. पहिला सप्ताह बहात्तरच्या दुष्काळात कसा बसला त्याची ती हकिकत आहे. मूळ वाक्य असे:

"त्या सालीं पाऊस नव्हता आणि जनावरें विकलीं आणि तेव्हां वडील म्हणाले कीं सप्ता करायचा आणि लोक म्हणाले खायाला नाहीं तर सप्ता कशाचा आणि ते खडीच्या कामावर होते आणि संध्याकाळीं येऊन वीणा घेतला आणि मी पण तिथेंच उभा राहिलों आणि त्यांनीं सांगितलें कीं ज्याच्या घरीं जी भाकर असेल ती आणायची मग मिलोची असो का कशाची."

या वाक्यातला दोष लांबी हा नाही. दोष असा की "लोक म्हणाले" याच्यानंतर आलेला "ते" कोण, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. खडीच्या कामावर लोक होते की वडील? आणि वीणा कोणी घेतला? कागदावर मागे जाऊन पाहता येते, मंडपात येत नाही. अण्णांच्या डोळ्यांपुढे वडील उभे असल्यामुळे त्यांना "ते" पुरेसे वाटले. बहुतेक बोललेल्या हकिकतींमध्ये सर्वनामे अशीच सुटतात आणि दुरुस्ती साधी असते: जिथे शंका येते तिथे नाम परत ठेवायचे.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी याची नऊ छोटी वाक्ये केली. कागदावर ती नेटकी दिसली. अण्णांनी ती फोनवर वाचली तेव्हा तार वाचल्यासारखी वाटली, कारण प्रत्येक पूर्णविरामाला ते शाळेत शिकवल्याप्रमाणे थांबत होते. त्याच वाचनात माझी दुसरी, अधिक मोठी चूक सापडली. "संध्याकाळी कामावरून आले" आणि "वीणा घेतला" यांच्यामध्ये मला एक पायरी कमी वाटली होती, म्हणून मी "हातपाय धुतले" हे दोन शब्द घातले होते. दिवसभर खडी फोडून आलेला वारकरी हातपाय धुतल्याशिवाय वीणेला हात लावणार नाही, असा माझा समज होता. अण्णा त्या ओळीवर थांबले.

"हे मी लिहिलं होतं का रे?"

"नाही अण्णा, मी घातलं. वीणा घ्यायच्या आधी धुतलेच असतील ना."

"पाणी कुठं होतं हातपाय धुवायला?" ते म्हणाले. "टँकर आठवड्यानं यायचा. प्यायला पुरत नव्हतं. तसेच उभे राहिले ते, अंगावर खडीची धूळ घेऊन."

मी ते दोन शब्द काढले. भाषेच्या ओघासाठी घातलेला एखादा निरुपद्रवी तपशील हकिकत खोटी पाडू शकतो, आणि ऐकणाऱ्यांत त्या सालचे कोणी बसलेले असेल तर त्याला ते लगेच कळते. तेव्हापासून मी स्वतःपुरते एक बंधन घातले: जोडण्यासाठी लागणारे "मग", "तेव्हा", सुटलेले नाम आणि "कुठून", "कधी" एवढे स्पष्ट करणारा शब्द मी घालू शकतो, कोणी काय केले हे सांगणारे नवे क्रियापद घालू शकत नाही. हवेच असेल तर अण्णांना विचारायचे आणि ते जे बोलतील तेच शब्द घ्यायचे. "धूळ घेऊन" हे वाक्य मात्र मी विचारूनही मजकुरात घेऊ शकलो नाही. "वडिलांची धूळ कशाला लोकांपुढं मांडायची," असे ते म्हणाले.

शेवटी त्या वाक्याचे रूप असे ठरले:

"त्या साली पाऊस नव्हता, जनावरं विकली. तेव्हा वडील म्हणाले, सप्ता करायचा. लोक म्हणाले, खायाला नाही तर सप्ता कशाचा? वडील तेव्हा खडीच्या कामावर होते. संध्याकाळी कामावरून आले आणि त्यांनी वीणा घेतला, आणि मी पण तिथंच उभा राहिलो. मग वडिलांनी सांगितलं, ज्याच्या घरी जी भाकर असेल ती आणायची, मग मिलोची असो का कशाची."

सातपैकी दोन "आणि" उरले आहेत आणि ते दोन्ही जाणूनबुजून एकाच वाक्यात ठेवले आहेत, कारण तिथे हकिकत चढते आणि अण्णांचा श्वासही तिथेच लांबतो. "मिलो" या शब्दाचा अर्थ द्यावा असे चुलतभावाचे मत होते. दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी आजच्या मुलांना ठाऊक नाही हे खरे. तरी मनोगतात कंस नसतो आणि मंडपातल्या मुलाच्या शेजारी त्याची आजी बसलेली असते. वाचन-प्रतीत शब्द तसाच राहिला, स्मरणिकेत त्याखाली एक ओळीची टीप दिली.

सुरुवातीच्या परिच्छेदावर आमचा मतभेद झाला आणि त्यात मी हरलो. "रामकृष्ण हरी" नंतरचे पहिलेच वाक्य असे होते: "सदरहू सप्ताहाचे सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मला मनोगत व्यक्त करण्याची संधी दिल्याबद्दल मी कमिटीचा आभारी आहे." मला ते अर्जासारखे वाटले. अण्णा बोलतात तसे ते नाही, म्हणून ते बदलून "मला बोलायला उभं केलंत, कमिटीचे उपकार आहेत" असे काहीसे करावे, असे मी सुचवले. त्यांनी साफ नकार दिला. गावच्या सोसायटीचे ते 22 वर्षे सचिव होते. ठराव, इतिवृत्ते, तहसीलदारांना अर्ज, सगळे त्यांच्याच हातचे. "सदरहू" हा शब्द त्यांनी जितक्यांदा लिहिला असेल तितक्यांदा मी माझे नावही लिहिले नसेल. माणसाचा आवाज म्हणजे त्याची घरगुती बोली एवढेच मी धरून चाललो होतो. चारचौघांत उभे राहताना तो जी भाषा अंगावर चढवतो तीही त्याचीच असते, इस्त्रीच्या सदऱ्यासारखी. वाक्य राहिले. मी फक्त "सप्ताहाचे" आणि "वर्षानिमित्त" यांच्यातला सांधा जुळवून "सदरहू सप्ताहाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त" केले, आणि हीच शैली पुढे दोनदा आली होती तिथे ती काढू द्या अशी विनंती केली. ती त्यांनी मान्य केली.

चौथ्या पानावर एक चूक अशी होती की ती भाषेची नव्हती, पण सोडून देता येण्यासारखीही नव्हती. अण्णांनी लिहिले होते: "तुकाराम महाराज म्हणतात, ज्ञानदेवें रचिला पाया, तुका झालासे कळस." हे वचन तुकोबांच्या शिष्या शिऊरच्या संत बहिणाबाई यांच्या नावावरील अभंगातले आहे. चरणात "तुका" आल्यामुळे ती नाममुद्रा आहे असा समज अनेकांचा होतो, पण तुकोबा स्वतःला कळस म्हणवून घेतील हे त्यांच्या अभंगांच्या स्वभावाला धरून नाही. अण्णांनी हे वचन गाथेत वाचलेले नव्हते, सत्तर वर्षे कानांनी ऐकलेले होते. शेजारी काल्याचे कीर्तनकार बसणार होते आणि ते जाहीरपणे काही बोलले नसते, तरी अण्णांना नंतर कोणीतरी सांगितलेच असते. मी हे त्यांना लिहून न पाठवता गावी जाऊन समक्ष सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "खरंय. स्वतःला कोण कळस म्हणंल."

दुरुस्ती करताना नुसते "बहिणाबाई म्हणतात" लिहून भागले नसते. आमच्याकडे ते नाव घेताच लोकांना शाळेच्या पुस्तकातल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात, ज्यांचा काळ 1880 ते 1951 आहे. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. म्हणून "तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाई म्हणतात" असे केले. अण्णांनी त्यात स्वतःहून "आपल्याच बाजूच्या" हे दोन शब्द घातले, कारण शिऊर वैजापूर तालुक्यात, गोदावरीच्या पलीकडे आहे. दुरुस्तीनंतरचे ते वाक्य आधीच्या वाक्यापेक्षा अधिक त्यांचे झाले. बाकीची तीन वचने मी छापील गाथेशी ताडून पाहिली. एका ठिकाणी त्यांचा पाठ छापील पाठाहून एका शब्दाने वेगळा होता. गावात भजनाला तोच म्हणतात हे चुलत्यांच्या भजनी मंडळाने सांगितल्यावर तो तसाच ठेवला. नावाची चूक आणि पाठभेद यांत मला हा फरक करावासा वाटला.

वाचन-प्रत मी मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापली. एका ओळीत एका श्वासाचे शब्द, आणि कोणतेही वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेले नाही, अशी मांडणी केली. ती पाहून अण्णा समाधानी दिसले. चार दिवसांनी गेलो तर त्यांनी सबंध मजकूर पुन्हा आपल्या हाताने फुलस्केपवर उतरवून काढला होता. छापील अक्षरावर नजर ठरत नाही, स्वतःच्या अक्षरावर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. मी ती प्रत ओळीने तपासली. सगळ्या दुरुस्त्या जागच्या जागी होत्या, भाकरी भाजल्या होत्या, बहिणाबाई शिऊरच्याच होत्या, ओळीही माझ्या मांडणीप्रमाणे तोडल्या होत्या. आणि "नाहीं", "तेव्हां", "केलें" यांवरचे सगळे अनुस्वार परत आले होते. त्यांना मी हात लावला नाही.

काल्याच्या दिवशी ते साडेतेरा मिनिटे बोलले. दीड मिनिट कुठे वाढले ते ध्वनिमुद्रणात स्पष्ट आहे. दुष्काळाच्या हकिकतीत "त्यांनी वीणा घेतला" इथे त्यांनी कागद खाली केला आणि समोर पाहून म्हणाले, "हातपाय न धुता घेतला. पाणी कुठं होतं धुवायला?" पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मोठ्याने "खरं हाये" म्हटले. मग त्यांनी धुळीचेही सांगितले, आणि कागदावर परत यायला त्यांना थोडा वेळ लागला.

स्मरणिकेचा मजकूर तेव्हा छापखान्यात गेलेला नव्हता. मी ध्वनिमुद्रण ऐकून ती वाक्ये उतरवून घेतली आणि अण्णांना वाचून दाखवून विचारले की हे छापायचे का. "पाण्याचं छाप," ते म्हणाले, "धुळीचं राहू दे." त्याप्रमाणे केले.